टाईप वन, टाईप टू, पॉवर आणि सॅम्पल साइज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरे एकाच औषधाभोवती फिरतात: हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिलेली ॲस्पिरिन. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आयसिस-२ या चाचणीचे निकाल आले. तिचे संयोजन ऑक्सफर्डहून झाले होते आणि ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू ॲस्पिरिनच्या गटात ९.४ टक्के होते, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. (याच चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या औषधाचीही परीक्षा झाली, ती इथे बाजूला ठेवू.)

टाईप वन आणि टाईप टू चूक म्हणजे नेमके काय?

चाचणी सुरू करताना आपण एक गृहीतक धरतो: ॲस्पिरिनने मृत्युदरात काहीच फरक पडत नाही. हे शून्य गृहीतक. शेवटी हाती आलेल्या आकड्यांवरून ते नाकारायचे की नाही, एवढाच निर्णय असतो. औषधाचा खरोखर उपयोग नसताना ‘उपयोग आहे’ असे आपण म्हणालो, तर ती टाईप वन चूक. खरोखर उपयोग असताना तो आपल्याला दिसला नाही, तर ती टाईप टू.

टाईप वन चुकीची जी कमाल शक्यता आपण आधीच मान्य करतो, तिला अल्फा म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती ०.०५ असते. टाईप टू चुकीची शक्यता म्हणजे बीटा. पॉवर म्हणजे १ वजा बीटा: खरा फरक अमुक इतका असेल, तर तो पकडण्याची शक्यता. जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळात ही मांडणी उभी केली.

‘खरा फरक अमुक इतका असेल तर’ हे शब्द विसरू नका. ‘या अभ्यासाची पॉवर ८० टक्के आहे’ हे वाक्य त्यांच्याशिवाय अपुरे आहे. मोठा फरक पकडण्याची पॉवर ९९ टक्के आणि छोटा फरक पकडण्याची १० टक्के, असे एकाच अभ्यासाबाबत असू शकते.

सॅम्पल वाढवला की दोन्ही चुका कमी होतात का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो.

अल्फा आपण ठरवतो. ०.०५ ठरवला, तर औषध निरुपयोगी असताना ‘उपयोगी’ ठरण्याची शक्यता प्रत्येक गटात १०० रुग्ण असतानाही सुमारे ५ टक्के आणि ८,६०० असतानाही सुमारे ५ टक्केच. सॅम्पल मोठा झाला की दोन गटांमधला योगायोगाने पडणारा फरक आक्रसतो हे खरे. पण फरक ‘लक्षणीय’, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही, असे म्हणण्याची सीमारेषा त्याच आक्रसण्याच्या मापाने ठरत असल्यामुळे तीही तितकीच आत सरकते. म्हणून टाईप वनचे प्रमाण जागचे हलत नाही.

हलते ते टाईप टूचे. ॲस्पिरिनचा खरा परिणाम आयसिस-२ मध्ये दिसला तेवढाच, म्हणजे ११.८ वरून ९.४ टक्के आहे असे धरू. वेगवेगळ्या आकारांच्या चाचण्यांना तो सापडण्याची शक्यता किती, याचा मी केलेला हिशेब असा:

| प्रत्येक गटातले रुग्ण | पॉवर (अल्फा ०.०५) |
|---|---|
| १०० | सुमारे ८ टक्के |
| ५०० | सुमारे २३ टक्के |
| १,००० | सुमारे ४१ टक्के |
| २,६०० | सुमारे ८० टक्के |
| ८,६०० | ९९.९ टक्के |

प्रत्येक गटात ५०० म्हणजे एकूण हजार रुग्ण. कुठल्याही रुग्णालयाला हा मोठाच अभ्यास वाटेल. तरी अशा चार अभ्यासांपैकी तीन अभ्यास ॲस्पिरिनसारख्या औषधाला ‘लक्षणीय फरक नाही’ असा शेरा देऊन मोकळे होतील. औषध मात्र दर हजार रुग्णांमागे २४ मृत्यू टाळत असेल.

हे आकडे येतात कुठून?

दोन मृत्युदरांच्या फरकाची प्रमाणत्रुटी काढायची, म्हणजे तो फरक निव्वळ योगायोगाने साधारण किती इकडे-तिकडे सरकतो याचे माप. प्रत्येक गटात n रुग्ण असतील, तर ती अशी:

```
SE = sqrt( (p1*(1-p1) + p2*(1-p2)) / n )
```

p1 = ०.११८, p2 = ०.०९४ आणि n = ५०० घातले की उत्तर येते ०.०१९५, म्हणजे जवळपास दोन टक्के-अंक. खरा फरक २.४ टक्के-अंकांचा आहे, म्हणजे प्रमाणत्रुटीच्या १.२३ पट. निकाल लक्षणीय ठरायला मात्र तो १.९६ पट दिसावा लागतो. म्हणजे नशिबाने फरक खऱ्यापेक्षा आणखी ०.७३ प्रमाणत्रुटींनी मोठा दिसला, तरच आपण रेषा ओलांडणार. सामान्य वितरणाच्या कोष्टकात याची शक्यता २३ टक्के मिळते.

n खाली भागाकारात आहे आणि त्यावर वर्गमूळ आहे. त्यामुळे रुग्ण चौपट केले तेव्हा कुठे प्रमाणत्रुटी निम्मी होते. संशोधन महाग का पडते, याचे निम्मे उत्तर या वर्गमुळात आहे.

मग किती रुग्ण घ्यायचे हे कसे ठरवतात?

चार गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात: अल्फा, पॉवर, पकडायचा फरक आणि सॅम्पल साइज. तीन ठरवल्या की चौथी आपोआप ठरते. आर या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत काम होते:

```
power.prop.test(p1 = 0.118, p2 = 0.094, power = 0.80)
```

उत्तर येते प्रत्येक गटात सुमारे २,५८०. आता पकडायचा फरक निम्मा करा, ११.८ वरून १०.६ टक्के, आणि तीच पॉवर मागा. आकडा सुमारे १०,८०० वर जातो, म्हणजे चौपटीहून थोडा जास्त.

या चारांत खरी कसोटी फरक ठरवण्यात आहे. ‘आपल्याला किती फरक दिसेल असे वाटते’ हा प्रश्न चुकीचा. ‘किती फरक असला तर तो चुकवणे परवडणार नाही’ हा योग्य. झटक्यानंतर शंभरातले दोन जास्त रुग्ण वाचत असतील आणि औषध स्वस्त असेल, तर तो फरक चुकवणे परवडत नाही. रक्तदाब एका अंकाने उतरवणाऱ्या महागड्या गोळीबद्दल उत्तर वेगळे येईल. हे ठरवायला सांख्यिकीतज्ज्ञ पुरत नाही, त्या आजाराचे रुग्ण रोज बघणारा डॉक्टर सोबत लागतो.

प्रत्यक्षात अनेकदा उलटा प्रवास होतो. रुग्ण किती मिळतील ते आधी ठरते आणि मग तेवढ्यात बसेल असा फरक शोधून सूत्रात घातला जातो. एमडीच्या प्रबंधांत दिसणाऱ्या ‘प्रत्येक गटात ३०’ या आकड्याचेच बघा. जुन्या उपचाराने निम्म्या रुग्णांना गुण येत असेल, तर प्रत्येकी ३० रुग्णांत ८० टक्के पॉवर मिळायला नव्या उपचाराने सुमारे ८३ टक्क्यांना गुण यावा लागतो. इतकी झेप घेणारा उपचार क्वचितच हाती लागतो. विद्यार्थ्याचा यात दोष नाही, पण निष्कर्षात ‘दोन्ही उपचार सारखेच’ असे लिहू नये, एवढे तरी पाळता येते.

पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली म्हणजे औषधाचा उपयोग नाही, असे म्हणता येते का?

तेवढ्यावरून नाही. पी-व्हॅल्यू म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता. समजा प्रत्येकी ५०० रुग्णांच्या चाचणीत औषधाच्या गटात ४७ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात ५९. दर अगदी आयसिस-२ सारखेच: ९.४ आणि ११.८. पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.२२, म्हणजे निकाल ‘नकारात्मक’. आता ९५ टक्के विश्वासांतर काढा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असे आकडे सुचवतात तो पट्टा. मृत्युदरातली घट उणे १.४ ते अधिक ६.२ टक्के-अंक यांमध्ये कुठेही असू शकते. म्हणजे औषध थोडे घातक असण्यापासून ते मृत्युदर निम्म्यावर आणण्यापर्यंत सगळ्या शक्यता अजून उभ्या आहेत. या चाचणीला उत्तर मिळालेलेच नाही. ‘उपयोग नाही’ म्हणायचे, तर अंतर इतके अरुंद हवे की त्यात कामाचा म्हणावा असा फायदा मावणारच नाही.

ही भीती कागदी नाही. १९७८ मध्ये फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७१ ‘नकारात्मक’ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ६७ चाचण्यांत २५ टक्क्यांची खरी सुधारणा हातची निसटण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त होती. ५० चाचण्यांत तर ५० टक्क्यांची सुधारणाही तशीच निसटू शकली असती.

आयसिस-२ मधल्या राशींचा किस्सा नेहमी सांगतात, तो काय आहे?

निकाल छापताना नियतकालिकाला उपगटांचे तपशील हवे होते: वयानुसार, लिंगानुसार, असे. संशोधकांना अशा चिरफाडीचा धोका माहीत होता. म्हणून त्यांनी रुग्णांची जन्मतारखेवरून राशींप्रमाणेही विभागणी करून दाखवली (ही पाश्चात्त्य सूर्यरास, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे). मिथुन आणि तूळ राशींच्या रुग्णांत ॲस्पिरिन घेणारे ११.१ टक्के दगावले आणि न घेणारे १०.२ टक्के, म्हणजे औषध किंचित घातकच. उरलेल्या दहा राशींत ९.० विरुद्ध १२.१ टक्के, म्हणजे जबरदस्त फायदा.

मिथुन-तूळवाल्यांना ॲस्पिरिन देऊ नका असे कोणी म्हणणार नाही. पण हाच आकडा ‘सत्तरीच्या पुढचे’ किंवा ‘मधुमेही’ अशा उपगटात आला असता, तर त्याला जीवशास्त्रीय कारण जोडणारे लगेच मिळाले असते. आयसिस-२ ची खरी शिकवण मला यात दिसते.

हिशेब केला की यात नवल उरत नाही. १७,१८७ रुग्ण बारा राशींत वाटले की एका राशीत प्रत्येक गटाला साधारण ७०० येतात. परिणाम सगळ्या राशींत अगदी सारखा असला, तरी एका राशीत तो लक्षणीय दिसण्याची पॉवर फक्त ३१ टक्के. एखाद्या राशीत निकाल उलट्या दिशेला जाण्याची शक्यता ७ टक्के. बारांपैकी निदान एका राशीत तसे होण्याची शक्यता जवळपास ५९ टक्के. एकही रास उलटी गेली नसती, तर तेच जरा नशिबाचे म्हणावे लागले असते.

म्हणजे ९९.९ टक्के पॉवरची चाचणी कापून बारा केली की हातात बारा दुबळ्या चाचण्या येतात आणि प्रत्येकीत टाईप टू चूक दबा धरून बसते. उलट बाजूही बघा. औषध पूर्ण निरुपयोगी असते आणि बारा राशींत बारा वेळा ०.०५ ने तपासले असते, तर निदान एका राशीत खोटा ‘लक्षणीय’ निकाल मिळण्याची शक्यता ४६ टक्के झाली असती. सॅम्पल कितीही मोठा घेतला तरी हा ४६ चा आकडा कमी होत नाही. तो तपासण्यांच्या संख्येवर अवलंबून आहे.

छोट्या अभ्यासातही लक्षणीय निकाल आला, तर तो जास्तच भरवशाचा नव्हे का?

‘एवढ्या थोड्या रुग्णांतही दिसले म्हणजे परिणाम जबरदस्त असणार’ हा तर्क पटण्याजोगा आहे, पण उलटा आहे. प्रत्येकी ५०० रुग्णांत निकाल लक्षणीय ठरायला साधारण ३.८ टक्के-अंकांचा फरक दिसावा लागतो. ॲस्पिरिनचा खरा फरक २.४ चा. म्हणजे अशी चाचणी एक तर ‘काही नाही’ म्हणणार किंवा परिणाम निदान दीडपट फुगवून सांगणार. बरोबर आकडा सांगून लक्षणीय ठरण्याची वाटच तिला नाही. आणि छापून येण्याची शक्यता फुगलेल्या निकालालाच जास्त.

मॅग्नेशियमचे हेच झाले असावे असे मला वाटते. झटक्यानंतर शिरेतून मॅग्नेशियम दिले तर मृत्यू टळतात का, यावर सात छोट्या चाचण्या झाल्या होत्या, मिळून सुमारे १,३०० रुग्ण. १९९१ मध्ये त्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा मृत्यूची शक्यता निम्म्याहून कमी होते असे दिसले. १९९२ मध्ये लेस्टरच्या लिमिट-२ चाचणीत, २,३१६ रुग्णांत, ७.८ विरुद्ध १०.३ टक्के मृत्यू झाले. पी-व्हॅल्यू ०.०४, म्हणजे रेषा जेमतेम ओलांडलेली. मग १९९५ मध्ये आयसिस-४ चे निकाल आले, तब्बल ५८,०५० रुग्णांचे: मॅग्नेशियम घेणाऱ्यांत ७.६४ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत ७.२४. फायदा नाहीच.

काही जण म्हणाले की आयसिस-४ मध्ये मॅग्नेशियम उशिरा दिले गेले. शंका रास्त होती. म्हणून लवकर मॅग्नेशियम देणारी मॅजिक ही ६,२१३ रुग्णांची चाचणी झाली. २००२ मध्ये तिचा निकाल आला: १५.३ विरुद्ध १५.२ टक्के.

सॅम्पल वाढवून टाईप वन चूक कमी होत नाही, तर मोठ्या चाचण्यांवर जास्त विश्वास का ठेवायचा?

कारण वाचकाचा प्रश्न वेगळा असतो. अल्फा सांगतो की निरुपयोगी औषधांपैकी किती चुकून पास होतील. वाचकाला हवे असते ते हे की पास झालेल्यांपैकी किती निरुपयोगी आहेत.

समजा १०० नवी औषधे तपासली आणि त्यांतली १० खरोखर गुणकारी आहेत. उरलेल्या ९० पैकी ५ टक्के, म्हणजे चार-पाच औषधे चुकून पास होणार. सॅम्पल कितीही असो. पॉवर २० टक्के असेल तर १० गुणकारी औषधांतली दोनच सापडतील. पास झालेल्या साडेसहांपैकी खरी दोन, म्हणजे तीनातला एकच निकाल खरा. पॉवर ८० टक्के केली तर खरी आठ सापडतात, खोटी तेवढीच राहतात, आणि तीनातले जवळपास दोन निकाल खरे निघतात. टाईप वनचा दर तसूभरही बदलला नाही, तरी ‘लक्षणीय’ या शब्दाची किंमत दुप्पट झाली.

दोन्ही चुका एकदम कमी करायच्या असतील तर?

सॅम्पल वाढवूनच ते होते, पण वाढलेल्या सॅम्पलचा एक भाग अल्फा कडक करण्यावर खर्च करावा लागतो. अल्फा ०.०१ केला आणि रुग्ण प्रत्येकी २,५८० च ठेवले, तर ॲस्पिरिनचा परिणाम पकडण्याची पॉवर ८० वरून सुमारे ५९ टक्क्यांवर घसरते. ती परत ८० वर आणायला प्रत्येक गटात सुमारे ३,८४० रुग्ण लागतात.

निकाल काठावर आला. आणखी रुग्ण घेऊन पुन्हा तपासले तर चालेल का?

आधी ठरवले नसेल तर नाही. प्रत्येक वेळी ०.०५ वर तपासायचे आणि लक्षणीय झाले की थांबायचे, असे समान अंतराने पाच वेळा केले, तर टाईप वनची शक्यता ५ नव्हे, सुमारे १४ टक्के होते. इथे सॅम्पल वाढतो आहे आणि टाईप वन चूकही वाढते आहे, फक्त थांबण्याच्या पद्धतीमुळे. मध्येच डोकावायचेच असेल, तर किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती कडक रेषा लावून, हे आराखड्यात आधी लिहावे लागते. मोठ्या चाचण्यांत हे काम स्वतंत्र समितीकडे असते.

अभ्यास संपल्यावर, मिळालेल्या निकालावरून पॉवर काढावी का?

परीक्षक ती मागतात हे खरे, पण तिच्यातून नवे काही कळत नाही. दिसलेलाच फरक सूत्रात घातला, तर येणारी पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूचेच दुसरे रूप: पी ०.०५ असेल तर पॉवर सुमारे ५० टक्के, पी वाढली की पॉवर कमी. त्याऐवजी विश्वासांतर द्या.

सॅम्पल फारच मोठा असण्याचा तोटा असतो का?

आकड्यांना तोटा नाही, वाचणाऱ्याची फसगत मात्र होऊ शकते. आयसिस-४ एवढ्या चाचणीत अर्ध्या टक्के-अंकाहून कमी फरकही लक्षणीय ठरतो. तो खरा असेलही, पण उपचार बदलण्याजोगा आहे का, हे पी-व्हॅल्यू सांगत नाही. फरक किती, तो टक्के-अंकांत बघावा.

दुसरे म्हणजे, सॅम्पल वाढवून फक्त योगायोगाचा गोंधळ कमी होतो. गट पाडतानाच पक्षपात झाला असेल किंवा एका गटातले रुग्ण जास्त प्रमाणात मध्येच सोडून गेले असतील, तर ती चूक हजार रुग्णांत जेवढी, तेवढीच लाखातही राहते. फक्त भोवतीचे विश्वासांतर अरुंद होते आणि चुकीचा आकडा जास्त ठाम दिसू लागतो.